गाडीचा विमा: ‘मला पैसे मिळतील का?’ या प्रश्नाचं उत्तर कसं शोधायचं

शोरूममधल्या विमा डेस्कवर, एजंटच्या ऑफिसात किंवा पीओएसपी, म्हणजे पॉइंट ऑफ सेल्स पर्सन, म्हणून नव्यानं काम सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात येते. लोक विम्याची व्याख्या विचारत नाहीत. ते विचारतात, “बाजूला बसलेल्या मित्राचा हात मोडला, त्याचा खर्च कोण देणार?”, “सायनला पाण्यात गाडी बंद पडली, इंजिन मिळेल का?”, “माझं फुल इन्शुरन्स आहे ना, मग गॅरेजवाला साडेआठ हजार कसले मागतोय?” परीक्षेसाठी पाठ केलेलं अशा वेळी अर्धंच कामाला येतं. म्हणून इथे खासगी मोटारीपुरतं बोलू, जिथे फरक आहे तिथे स्कूटर-मोटारसायकलचं सांगू, आणि एका अपघाताच्या आधारे थर्ड पार्टी आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह या दोन विम्यांतला फरक शेवटच्या रुपयापर्यंत पाहू. टॅक्सी, रिक्षा, ट्रक यांचे नियम वेगळे आहेत. ते इथे मिसळायचे नाहीत.

पहिली पायरी: आधी कागद पाहा, मग बोला

गिऱ्हाईक म्हणतं, “माझं फर्स्ट पार्टी आहे.” मुंबईत कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्याला सर्रास असंच म्हणतात, काही जण ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात. या शब्दांवर विसंबून उत्तर देऊ नका. पॉलिसीची पीडीएफ किंवा छापील प्रत मागा आणि वरचं नाव वाचा.

तिथे ‘लायबिलिटी ओन्ली’ असं असेल, तर तो निव्वळ थर्ड पार्टी विमा. ‘पॅकेज’ किंवा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ असेल, तर त्यात थर्ड पार्टी आहेच आणि शिवाय स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आहे. या दुसऱ्या भागाला कामाच्या भाषेत ‘ओडी’, म्हणजे ओन डॅमेज, म्हणतात. २०१९ च्या सप्टेंबरपासून नुसती ओडी पॉलिसीही वेगळी घेता येते. त्यामुळे एकाच गाडीची थर्ड पार्टी एका कंपनीकडे आणि ओडी दुसऱ्या कंपनीकडे असू शकते. अशा गिऱ्हाइकाकडून दोन्ही कागद मागायचे.

यानंतर तारखा. नवीन लोकांची सगळ्यात जास्त गडबड होते ती इथेच. १ सप्टेंबर २०१८ पासून, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार, नवीन मोटार घेताना तीन वर्षांची आणि नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम काढावी लागते. ओडी मात्र बहुतेकांनी एकाच वर्षाची घेतलेली असते. म्हणजे एकाच कागदावर संपण्याच्या दोन तारखा असतात. मालकाच्या डोक्यात ‘तीन वर्षांचा इन्शुरन्स आहे’ एवढंच राहतं. दुसऱ्या वर्षी ओडी संपलेली असते, पोलिसांनी कागद तपासले तरी अडचण येत नाही कारण थर्ड पार्टी चालू असते, आणि मग पावसाळ्यात गाडीवर झाड पडतं. त्या दिवशी त्याला कळतं की स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही मिळणार नाही. म्हणून कोणत्याही प्रश्नाला उत्तर देण्याआधी नुकसान झालं ती तारीख आणि या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून घ्यायची सवय लावा.

दुसरी पायरी: नुकसान कुणाचं झालं, हे विचारा

विमा हा करार आहे. त्यात पहिला पक्ष गाडीचा मालक आणि दुसरा विमा कंपनी. या दोघांबाहेरचा, गाडीमुळे ज्याला इजा झाली किंवा ज्याच्या वस्तूचं नुकसान झालं, तो तिसरा पक्ष. रस्त्यावरून चालणारा, समोरचा स्कूटरवाला, ज्याच्या दुकानाच्या शटरला गाडी धडकली तो दुकानदार, ही सगळी तिसऱ्या पक्षातली माणसं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे तो या लोकांसाठीचा विमा. स्वतःच्या गाडीचा विमा सक्तीचा नाही. विम्याशिवाय गाडी चालवली तर कलम १९६ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड चार हजार.

थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, त्यामुळे तो सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो. २०२२ च्या अधिसूचनेत १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीसाठी तो वर्षाला ३,४१६ रुपये ठरला, वर जीएसटी. “दुसरीकडे थर्ड पार्टी स्वस्त मिळतंय” असं कुणी म्हणालं, तर काय वगळलंय ते पाहा. बहुतेकदा मालकाचं अपघात संरक्षण काढलेलं असतं.

तर प्रश्न आला की आधी विचारायचं: नुकसान बाहेरच्या माणसाचं, गाडीत बसलेल्याचं, मालकाच्या शरीराचं, की मालकाच्या गाडीचं? उत्तर या चारांपैकी कुठल्या रकान्यात बसतं ते कळलं की निम्मं काम झालं. आता हे प्रत्यक्षात करून पाहू.

भांडुपचा अपघात

हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण असे अपघात रोज होतात.

जुलैची संध्याकाळ, एलबीएस मार्गावर भांडुपजवळ पाऊस पडतोय. १,१९७ सीसीची पेट्रोल मोटार, वय तीन वर्षं चार महिने. मालक स्वतः चालवतोय, शेजारी ऑफिसमधला सहकारी बसलाय. पुढे एक स्कूटर वळायला थांबते. मालक ब्रेक उशिरा मारतो, गाडी घसरते आणि स्कूटरवर आदळते. स्कूटरवाल्याच्या नडगीचं हाड मोडतं. स्कूटरचा दुरुस्ती खर्च १८,००० रुपये. सहकाऱ्याचं मनगट मोडतं. मालकाच्या बरगडीला तडा जातो. मोटारीचा गॅरेजचा अंदाज ४२,००० रुपये. चूक मोटारवाल्याची आहे, याबद्दल वाद नाही.

पहिला, स्कूटरवाला. तो तिसरा पक्ष, त्यामुळे मालकाकडे निव्वळ थर्ड पार्टी असो वा कॉम्प्रिहेन्सिव्ह, त्याला भरपाई मिळण्याचा मार्ग सारखाच आहे. पण ही भरपाई आपल्या काउंटरवर मिळत नाही. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. अपघात झाला तिथल्या किंवा जखमी माणूस राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून उशीर करू नये असंच सांगावं. दवाखान्याचा खर्च, बुडालेली कमाई, पाय कायमचा अधू झाला तर पुढच्या आयुष्यातलं नुकसान, हे सगळं मोजलं जातं. मृत्यू आणि शारीरिक इजा यांसाठी पॉलिसीत ठरावीक कमाल आकडा नसतो. न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम. याशिवाय कलम १६४ चा एक सरळ रस्ता आहे. त्यात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही आणि गंभीर इजेला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख अशी ठरलेली रक्कम मिळते. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर इजा आहे. मात्र कलम १६४ खाली भरपाई स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे चूक दाखवून न्यायाधिकरणात करायचा, मोठा दावा उरत नाही, त्यामुळे हा निर्णय जखमी माणसानं वकिलाशी बोलून घ्यावा. आपण त्याच्या वतीनं ठरवायचं नाही.

मालकाला मात्र एक गोष्ट पहिल्या फोनवरच सांगा. रस्त्यात उभं राहून “पाच हजार घे आणि मिटव” असं करू नका, आणि कागदावर काही लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देण्याचं आश्वासन द्यायचं नाही, अशी अट पॉलिसीतच असते. जखमीला दवाखान्यात न्यायचं, पोलिसांना कळवायचं, कंपनीला कळवायचं. पुढे न्यायाधिकरणाची नोटीस आली तर ती त्याच दिवशी कंपनीकडे पाठवायची. “इन्शुरन्सवाले बघतील” म्हणून नोटीस कपाटात ठेवणारे मालक पुष्कळ भेटतील.

दुसरं, स्कूटर. ती तिसऱ्या पक्षाची मालमत्ता. मोटारीच्या पॉलिसीत यासाठी साडेसात लाखांपर्यंत मर्यादा असते, दुचाकीच्या पॉलिसीत एक लाख. पण काही मालकांनी थोडी सवलत घेऊन ही मर्यादा सहा हजारांवर आणलेली असते. तसं असेल, तर १८,००० पैकी सहा हजार कंपनीचे आणि उरलेले बारा हजार मालकाच्या खिशातून. पॉलिसीत ‘टीपीपीडी’, म्हणजे थर्ड पार्टी प्रॉपर्टी डॅमेज, ही ओळ शोधा, तिथला आकडा वाचा. आता व्यवहाराचं सांगायचं तर १८,००० रुपयांसाठी न्यायाधिकरणात जाण्यापेक्षा स्कूटरवाला स्वतःच्या ओडीतून दुरुस्ती करून घेतो, अर्थात त्याच्याकडे ती असली तर. दोन्हीकडून तेच पैसे घेता येत नाहीत.

तिसरा, शेजारी बसलेला सहकारी. हा प्रश्न परीक्षेतही येतो आणि काउंटरवरही येतो, आणि बहुतेक नवीन लोक चुकतात. वाटतं असं की सहकारी मालकही नाही आणि कंपनीही नाही, म्हणजे तो तिसरा पक्षच. पण खासगी गाडीत फुकट बसलेला माणूस निव्वळ कायद्यापुरत्या पॉलिसीत येत नाही. २००६ साली सुप्रीम कोर्टानं स्कूटरच्या मागे बसलेल्या माणसाबाबत हेच सांगितलं. पॅकेज पॉलिसीचं वेगळं आहे. २००९ मध्ये विमा नियामकानं आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की पॅकेज पॉलिसीत मोटारीतले प्रवासी आणि दुचाकीवर मागे बसलेला माणूस यांच्याबद्दलची जबाबदारी कंपनीवर येते.

म्हणजे आपल्या उदाहरणात मालकाची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल, तर सहकारी न्यायाधिकरणात दावा करू शकतो आणि कंपनी भरते. लायबिलिटी ओन्ली असेल आणि प्रवाशांसाठी जादा हप्ता भरलेला नसेल, तर सहकाऱ्याचा दावा मालकावर येतो आणि कंपनी हात वर करू शकते. थर्ड पार्टी आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह यांतला फरक म्हणजे ‘स्वतःच्या गाडीचे ओरखडे’ एवढाच आहे, असं समजणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगायला हवं. रोज चार जणांना घेऊन ठाण्याहून बीकेसीला जाणारा माणूस जुनी गाडी आहे म्हणून नुसती थर्ड पार्टी काढतो, तेव्हा तो गाडीसाठी नाही तर त्या चार माणसांसाठी धोका पत्करत असतो.

चौथा, मालक स्वतः. तो करारातला पहिला पक्ष, म्हणून त्याच्या इजेसाठी थर्ड पार्टी कधीच नाही. गाडी मालकाकडून मागून घेऊन चालवणारा मित्रसुद्धा, स्वतःच्या चुकीनं जखमी झाला तर, मालकाच्याच जागी धरला जातो. मालकासाठी वेगळं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, पंधरा लाखांचं. पण “बरगडीला तडा गेला, पंधरा लाखांतून किती मिळतील?” या प्रश्नाचं उत्तर ‘काहीही नाही’ असं आहे. हे संरक्षण मृत्यू आणि कायमचं अपंगत्व यांपुरतंच आहे. मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे गेले तर पूर्ण रक्कम, एक हात किंवा एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी. दवाखान्याचं बिल त्यात येत नाही. त्यासाठी आरोग्य विमा. शिवाय गाडी त्याच्या नावावर असायला हवी आणि परवाना चालू असायला हवा.

तिसरी पायरी: ४२,००० च्या बिलाचे ३३,५०० कसे होतात

आता पाचवं नुकसान, मालकाची मोटार. लायबिलिटी ओन्ली असेल तर उत्तर एका वाक्यात संपतं: काही मिळणार नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर मिळेल, पण पूर्ण नाही. किती ते मांडून दाखवता आलं पाहिजे, कारण गिऱ्हाइकाचा राग नेहमी इथेच निघतो.

जुना भाग काढून नवा बसवला की गाडीला नवी वस्तू मिळते. म्हणून कंपनी नव्या भागाच्या किमतीतून घसारा कापते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर गाडीचं वय काहीही असो, निम्मा. काचेवर शून्य. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि तेवढ्यावर निम्मा घसारा लावतात. मजुरीवर घसारा नाही.

आपलं बिल असं आहे. पुढचा प्लास्टिकचा बंपर ६,००० रुपये, त्यावर ३,००० कापले. पुढची काच ९,००० रुपये, काही कापलं नाही. बॉनेट १०,००० रुपये, कापले २,५००. फेंडर ४,००० रुपये, कापले १,०००. रंगकाम ८,००० रुपये. त्यातला माल २,००० चा, म्हणून कापले १,०००. मजुरी ५,००० रुपये, पूर्ण मान्य. बिल ४२,०००, एकूण घसारा ७,५००, उरले ३४,५००. आता १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक क्लेममध्ये १,००० रुपये मालकानं सोसायचे असतात. याला कंपल्सरी डिडक्टिबल म्हणतात. ते वजा केले की कंपनी देते ३३,५००, आणि मालक भरतो ८,५००. सुरुवातीला ज्या साडेआठ हजारांवर गिऱ्हाईक चिडलं होतं, ते हेच. हिशेब सोपा राहावा म्हणून जीएसटी वेगळा दाखवलेला नाही.

याच मालकानं जादा हप्ता भरून झिरो डेप्रिसिएशन घेतलं असतं, ज्याला लोक ‘बंपर टू बंपर’ म्हणतात, तर घसाऱ्याचे ७,५०० कंपनीनं दिले असते. पण हजार रुपये तरीही मालकाचेच. ‘झिरो डेप म्हणजे एक पैसाही भरायचा नाही’ असं विकताना सांगितलं जातं. ते चूक आहे, तुम्ही सांगू नका.

कॅशलेस म्हणजे काय, हेही इथेच स्पष्ट करा. कॅशलेस गॅरेजमध्ये कंपनीचे ३३,५०० थेट गॅरेजला जातात, पण मालकाचे ८,५०० गाडी घेताना मोजावेच लागतात. आणि कंपनीचा माणूस किंवा सर्व्हेअर गाडी पाहून जाईपर्यंत काहीही उघडू किंवा बदलू द्यायचं नाही. “सकाळी ऑफिसला जायचं होतं म्हणून बंपर बदलून घेतला, जुना भंगारवाल्याला दिला” असं झालं की पाहायलाच काही उरत नाही, आणि मग ते पैसे वादात अडकतात.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: क्लेम करू की नको? याचं उत्तर नो क्लेम बोनसमध्ये आहे. क्लेम नसेल तर ओडीच्या हप्त्यावर, फक्त ओडीच्या, पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. आपल्या मालकाची चौथ्या वर्षी ३५ टक्के सूट चालू आहे. ओडीचा सुटीआधीचा हप्ता ६,००० रुपये आहे आणि तो तसाच राहील, असं धरा. क्लेम केला की पुढच्या वर्षी ४५ टक्क्यांऐवजी सूट शून्य, म्हणजे २,७०० रुपयांचा तोटा. त्यापुढे ५० ऐवजी २०, मग ५० ऐवजी २५, असं करत पुन्हा ५० वर यायला वर्षं लागतात. सगळे फरक मिळवले तर साधारण ७,२०० रुपये. तेव्हा ३३,५०० चा क्लेम करायलाच हवा. पण पार्किंगमध्ये खांबाला आरसा घासला आणि हातात चार हजार येणार असतील, तर स्वतः खर्च करणं शहाणपणाचं. हा हिशेब कागदावर करून दाखवला की माणूस स्वतःच ठरवतो.

गाडी पार चेपली असेल किंवा चोरीला गेली असेल तर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, हा आकडा पाहायचा. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री किमतीतून वयाप्रमाणे घट करून तो ठरतो. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घट. आठ लाखांच्या गाडीचा आयडीव्ही मग ४,८०,०००. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर, इथे ३,६०,००० वर गेला, की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. हप्ता कमी व्हावा म्हणून आयडीव्ही खाली ओढून पॉलिसी काढली तर त्याची किंमत अशा दिवशी मोजावी लागते.

चौथी पायरी: नुकसान कशानं झालं

ओडीमध्ये अपघात, आग, चोरी, दंगल, वादळ, पूर हे सगळं येतं. झीज, यंत्रात आपोआप झालेला बिघाड आणि परिणामी नुकसान हे येत नाही. यातलं ‘परिणामी नुकसान’ मुंबईकराला सगळ्यात महाग पडतं, म्हणून इथे थोडं थांबू.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. रस्तोरस्ती गाड्या बुडाल्या. तेवढा पाऊस रोज होत नाही, पण हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी भरण्यासाठी तेवढा लागतही नाही.

उभी गाडी बुडाली आणि सीट, कार्पेट, वायरिंग खराब झालं, तर ते पुरानं झालेलं नुकसान. कॉम्प्रिहेन्सिव्हमधून घसारा कापून मिळतं. पण पाण्यात गाडी बंद पडली आणि मालकानं पुन्हा चावी फिरवली, तर हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅरेजमध्ये याला हायड्रो लॉक म्हणतात. वाकलेला रॉड सांगतो की पाणी आत असताना इंजिन फिरलंय. मग कंपनी म्हणते, पुरानं इंजिन मोडलं नाही, पाण्यात सुरू केल्यामुळे मोडलं, आणि साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये हा भाग नाकारला जातो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन नावाचं जादा संरक्षण असतं. त्याच्याही अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात, त्या वाचून मगच सांगा.

म्हणून पावसाळ्यात पाण्यातून फोन आला, तर पॉलिसी क्रमांक विचारण्याआधी सांगा: चावी फिरवू नका, बटण दाबू नका, जमलं तर बॅटरीची तार काढा, गाडी ढकलून किंवा टोइंगनं बाहेर काढा, आणि पाणी कुठवर आलंय त्याचा फोटो घ्या. त्या एका वाक्यानं माणसाचं इंजिन वाचतं.

पाचवी पायरी: गाडी कोण आणि कशासाठी चालवत होतं

दारू पिऊन चालवली, परवाना नव्हता, किंवा पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं प्रवासी न्यायला वापरली, तर ओडीचा क्लेम नाकारला जातो. परवाना नसलेल्या चालकानं तिसऱ्या माणसाला इजा केली तर चित्र थोडं वेगळं. न्यायालयं पुष्कळदा कंपनीला सांगतात, जखमीला आधी पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. जखमी माणूस वाचतो, मालक नाही. “थर्ड पार्टी आहे ना, मग पोराला चालवू दे” असं म्हणणाऱ्या वडिलांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

शिकाऊ परवान्याबद्दल मात्र उगाच घाबरवू नका. शिकाऊ परवाना चालू असेल आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ पाळला असेल, तर पॉलिसी लागू राहते. म्हणजे मोटारीत शेजारी पक्का परवानाधारक शिकवणारा हवा, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला, आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर मुलगी एकटीच गाडी घेऊन गेली आणि खांबाला धडकली, तर पाटी लावलेली असूनही अट मोडलेली असते.

सेकंडहँड गाडीचा प्रश्न

वर्तमानपत्रातली किंवा ओळखीतली जुनी गाडी घेतलेला माणूस विचारतो, “आरसी माझ्या नावावर झाली, विमा जुन्या मालकाचा अजून आठ महिने आहे, चालेल ना?” इथेही दोन भाग वेगळे करा. कलम १५७ नुसार थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं. ओडीचं तसं होत नाही. नव्या मालकानं अर्ज करून पॉलिसीवर आपलं नाव चढवेपर्यंत त्याच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे ना जुन्या मालकाला मिळतात, कारण गाडी त्याची नाही, ना नव्याला, कारण करार त्याच्याशी नाही. बदलीसाठी अर्ज करायची मुदत गाडी घेतल्यापासून चौदा दिवस आहे. अर्जासोबत आरसी किंवा हस्तांतरणाचे कागद, जुनी पॉलिसी आणि नव्या मालकाचा फॉर्म लागतो.

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुन्या मालकाची ३५ टक्के सूट नव्या मालकाला मिळत नाही. उरलेल्या महिन्यांसाठी तो फरक भरून घेतात. जुना मालक मात्र कंपनीकडून बोनसचं पत्र घेऊन आपल्या पुढच्या गाडीला ती सूट लावू शकतो. तेव्हा गाडी विकणारा आणि घेणारा दोघंही समोर बसलेले असतील, तर एकाला बदलीचा अर्ज द्या आणि दुसऱ्याला बोनसच्या पत्राचा.